चष्म्याची काच: खरी की प्लास्टिकची?

नागपुरात सीताबर्डीवर चष्मा करायला गेलात, तर हाती येणारी ‘काच’ बहुधा प्लास्टिकचीच असते. एक घन सेंटिमीटर काच साधारण अडीच ग्रॅम भरते, तेवढेच साधे प्लास्टिक दीड ग्रॅमच्या आत. नाकावरचे वळ म्हणूनच कमी झाले.

मात्र प्लास्टिक मऊ असते. त्यावर कडक लेप दिला तरी दुचाकीवरून उतरून धुळीचा चष्मा दुपट्ट्याने कोरडाच पुसला, की मातीतले कण चरे पाडतात. आधी पाण्याने धुवा, मग पुसा. मे महिन्यात बंद गाडीत चष्मा राहिला, तर लेपाला बारीक तडे जातात. दिव्यासमोर धरल्यावर जाळी दिसते.

खरी काच चरे आणि ऊन दोन्ही सोसते. पण आदळली की फुटते आणि चष्मा डोळ्यांवर असेल, तर तुकडे डोळ्याजवळच असतात. मुलांनी, खेळाडूंनी, दुचाकीस्वारांनी ती टाळावी.

मग घ्यावी कोणी? नंबर कमी, काम बैठे आणि चष्मा वारंवार पुसावा लागत असेल, तर वाचनासाठी काच अजूनही टिकाऊ ठरते.