चॅटची पट्टी कापताना

भूमितीच्या एका ऑनलाइन तासाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. उजवीकडे चॅटची उभी पट्टी, तीत ‘सर, आवाज येत नाही’ची रांग. डावीकडे खाली गोलात सरांचा चेहरा. मधल्या जागेत फळा. ‘पट्टी आणि गोल तेवढा पुसून द्या,’ एवढीच सरांची मागणी.

पण हे पुसता येत नाही. रेकॉर्डिंग होतानाच सगळं एका चित्रात मिसळून गेलेलं असतं. गोलाखाली काही लिहिलेलं असेल तर ते फाइलमध्ये नसतंच. उरतो एकच मार्ग: चौकट लहान करायची आणि नको ते तिच्याबाहेर ठेवायचं.

आधी मोजमाप. व्हिडिओतली एक फ्रेम मूळ आकारात जतन करून पेंटमध्ये उघडली. चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं. चॅट शेवटचे ४८० पिक्सेल व्यापत होता, म्हणजे उरली १४४० रुंदी. १६:९ हे प्रमाण राखायचं तर उंची ८१० हवी. गोल वरून ८२० पिक्सेलवर सुरू होत होता, त्यामुळे वरचा भाग घेतला की तोही आपोआप गेला. एफएफएमपेग या मोफत साधनात हे एका ओळीत होतं:

```
ffmpeg -i tas.mp4 -vf "crop=1440:810:0:0" -crf 18 -c:a copy navin.mp4
```

चार आकडे क्रमाने रुंदी, उंची, डावीकडून अंतर आणि वरून अंतर सांगतात. आवाज जसाच्या तसा राहतो. चित्र मात्र नव्याने तयार होतं.

नवा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि चूक सापडली. एका सिद्धतेचा निष्कर्ष सरांनी फळ्याच्या तळाशी, उजवीकडे लिहिला होता. तोच कापला गेला होता! तेवढ्या दीड मिनिटासाठी चौकट खाली सरकवली. गोल डावीकडून २६० पिक्सेलपर्यंत होता, म्हणून चौकट २८८ पासून घेतली:

```
crop=1152:648:288:432,scale=1440:810
```

ओळीचा दुसरा भाग चौकट पुन्हा १४४० बाय ८१० करतो, म्हणजे तुकडे जोडताना आकार जुळतो. या तुकड्यात अक्षरं थोडी मऊ दिसतात, कारण लहान चित्र ताणलेलं आहे. पहिला भागही १९२० पर्यंत ताणायचा मोह मी टाळला. मूळ पिक्सेलपैकी जेमतेम ५६ टक्के शिल्लक होते. ताणून फाइल मोठी झाली असती, अक्षर स्पष्ट झालं नसतं.

चॅटची पट्टी मध्येच बंद-चालू होत असेल, तर प्रत्येक टप्प्याचं माप वेगळं घ्यावं लागतं. आणि सर चॅटमधला प्रश्न मोठ्याने वाचतात, तो आवाजात राहतोच. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका: कापलेला भाग फक्त तिच्यातच असतो.