गेटने कुणाचं ऐकायचं?

हाय-गेन गिटार घरी रेकॉर्ड केली असेल, तर दोन कॉर्डच्या मधल्या जागेत येणारी घरघर तुम्हाला ओळखीची असेल. उपाय म्हणून नॉइज गेट लावतात. पण थ्रेशोल्ड वर नेला की कॉर्डची शेपटी तुटते आणि खाली आणला की घरघर आत शिरते. मधली जागा सापडतच नाही. ती का सापडत नाही, ते आज बघू. त्यासाठी माझ्या धाकट्या भावाने आमच्या मुरुडच्या घरी रेकॉर्ड केलेला एक ट्रॅक घेतो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे थोडे गोल केलेत.

गिटारमधून थेट आलेल्या स्वच्छ सिग्नलला डीआय म्हणतात. त्यात कॉर्ड −12 डेसिबलवर आहे आणि नुसता नॉइज −72 वर, म्हणजे दोघांत 60 डेसिबलचं अंतर. आता अँपचा गेन 40 डेसिबल धरा. नॉइज −72 वरून −32 वर येतो. कॉर्ड मात्र +28 वर जाऊ शकत नाही, कारण अँपला छत आहे. ते −6 वर आहे असं माना. छताला टेकलेला सिग्नल तिथेच कापला जातो, आणि तेच तर आपलं डिस्टॉर्शन. पण 60 चं अंतर आता 26 वर आलं.

खरी अडचण याच्या पुढे आहे. कॉर्ड वाजवून तळवा तारांवर ठेवला, तरी तारांची थोडी खरखर उरते. डीआयमध्ये ती −50 वर आहे, म्हणजे कॉर्डपेक्षा 38 डेसिबल खाली. अँपमधून गेल्यावर तीच −10 वर पोचते आणि कॉर्ड −6 वरच असते. फरक उरला फक्त 4 डेसिबलचा! गेट फक्त पातळी बघतं. वाजणारी कॉर्ड आणि दाबलेली तार त्याला जवळजवळ सारखीच दिसते. कुठलाही सेन्सर सॅच्युरेट झाला की त्याच्या आकड्यांतून माहिती जाते, तसंच हे.

म्हणून गेट बसवायचं अँपच्या ट्रॅकवर, पण त्याला ऐकवायचा डीआय. यालाच साइडचेन म्हणतात. रीपरमध्ये डीआयच्या ट्रॅकवरून अँपच्या ट्रॅकला 3/4 चॅनलवर सेंड द्या. मग अँपच्या ट्रॅकवरच्या `ReaGate` मध्ये `Detector input` ला `Auxiliary Input L+R` निवडा. अँप सिम्युलेटर वापरत असाल तर डीआय हाताशी असतोच. खरा अँप असेल तर डीआय बॉक्सने सिग्नल आधीच दोन वाटांनी न्यावा लागतो.

आता थ्रेशोल्ड −40 वर ठेवा. कॉर्ड त्याच्या 28 डेसिबल वर आहे आणि खरखर 10 डेसिबल खाली, त्यामुळे गेटचा गोंधळ होत नाही. उघडायला −40 आणि मिटायला −46 असा फरक ठेवला, तर सीमेवर फडफड होत नाही. अटॅक 1 मिलिसेकंद, होल्ड 40 आणि रिलीज 80 पासून सुरुवात करा. होल्ड कशाला? जाड ई तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला साधारण 12 मिलिसेकंद लागतात. त्या काळात लहर दोनदा शून्यावर येते. होल्ड फार कमी असेल तर गेट त्या शून्यालाच शांतता समजतं आणि कॉर्डच्या शेवटी टरटर ऐकू येते.

पूर्ण शांतता कृत्रिम वाटली तर एक्स्पांडर घ्या. 1:2 गुणोत्तरात सिग्नल थ्रेशोल्डच्या जितका खाली, तितकाच तो आणखी खाली ढकलला जातो. खरखर 10 डेसिबलने कमी होते. नॉइज थ्रेशोल्डच्या 32 डेसिबल खाली आहे, म्हणून तो −32 वरून −64 वर जातो.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. गाण्याची शेवटची लांब कॉर्ड डीआयमध्ये विझत −46 ला पोचते, तेव्हा अँपमध्ये ती अजून −6 वरच, म्हणजे पूर्ण जोरात, वाजत असते. इथे गेट तिला मधेच कापतं. तेवढ्या जागी ऑटोमेशनने गेट बंद करा आणि हाताने फेड द्या. रिव्हर्ब आणि डिले मात्र गेटच्या नंतरच लावा, नाहीतर त्यांच्याही शेपट्या कापल्या जातील.

आणि कॉर्ड वाजत असताना नॉइज कुठेही जात नाही, फक्त झाकला जातो. त्यासाठी मुळाशीच जायला हवं. आपली वीज 50 हर्ट्झची. गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर सेकंदाला 100 वेळा वीज तोडतो-जोडतो, आणि सिंगल कॉइल पिकअप ते सगळं पकडतं. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करा आणि डीआयमधल्या नॉइजचा आकडा पुन्हा वाचा. तो जितका उतरेल, तितका कॉर्डखाली झाकलेला नॉइजही कमी होतो.