राजीनाम्याची तारीख

छावणीच्या गुरुवारच्या आठवडी बाजारात आसपासच्या खेड्यांतून आलेली म्हातारी माणसं भेटतात. मी याच भागात राहतो, त्यामुळे ओळखी होत गेल्या. जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमची जमीन कूळकायद्यात गेली." बोलणारा जमीनमालकाच्या घरातला असतो, तसाच कुळाच्या घरातलाही असतो. एकाच कायद्याने दोघांचीही जमीन कशी जाईल? या प्रश्नापाशी मी मराठवाड्यातल्या कूळकायद्यावरच्या लेखाची टिपणं काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच आराखड्यात चुकलो. ती चूक आणि तिची दुरुस्ती सांगितली, तर अशा लेखाची कालरेषा कशी बांधायची आणि कारणांची साखळी कुठे तुटते, हे आपोआप स्पष्ट होईल.

पहिला आराखडा सरळ होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १० जून १९५० पासून हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कुळं मालक झाली. यातला शेवटचा दुवा मराठवाड्यापुरता साफ चूक आहे. १ एप्रिल १९५७ हा दिवस मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्यातला. तो पश्चिम महाराष्ट्राचा. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा झाला आणि तिथला असा दिवस १ एप्रिल १९६१ हा. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला तरी इथे १९५० चा हैदराबादचाच कायदा, दुरुस्त्यांसह, पुढे चालू राहिला. एका राज्याच्या नकाशात तीन कायदे आणि तीन घड्याळं होती. पुण्यात छापलेल्या पुस्तकातली तारीख उचलून पैठण-गंगापूरच्या गावाला लावली, की पुढचा सगळा कार्यकारणभाव वाकडा होतो.

दुसरी अडचण फसली सनाची. १९५० च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ठरवताना सलग सहा वर्षांचा ताबा मागितला आणि त्यासाठी दिलेल्या मुदतींपैकी एक फसली १३४२ ते १३५२ अशी होती. हैदराबादचं फसली वर्ष तेव्हा ६ ऑक्टोबरला सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या नोंदीला ५९० मिळवायचे आणि जानेवारीनंतरच्या नोंदीला ५९१. फसली १३५२ म्हणजे ६ ऑक्टोबर १९४२ ते ५ ऑक्टोबर १९४३. सरसकट ५९० मिळवून '१९४२' लिहिलं, की त्या साली काढलेली रब्बीची ज्वारी एक वर्ष मागे सरकते. सहा वर्षांच्या अटीत एक वर्ष मागे-पुढे होणं म्हणजे एखाद्याचं कूळ असणं किंवा नसणं.

तेव्हापासून वहीत मी प्रत्येक घटनेला तीन तारखा देतो. पहिली कायदा झाल्याची. दुसरी कचेरीत तो उतरल्याची, म्हणजे रजिस्टर तयार झालं ती. तिसरी गावात परिणाम झाल्याची. या तिन्ही एकच असतात असं आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये वर्षं जातात आणि बहुतेक वेळा निकाल त्या मधल्या वर्षांतच लागलेला असतो.

आता एका घराचं उदाहरण. गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. बाजारात ओळख झालेल्या एका गृहस्थांच्या घरी मी गेलो. त्यांच्या आजी पंच्याऐंशीच्या आसपासच्या. लग्नाआधी त्यांच्या वडिलांकडे दुसऱ्याच्या मालकीचं वावर कुळाने होतं. आजी म्हणाल्या, "लेकरा, पोलिस ॲक्शनात गेलं आमचं वावर." माझ्या आराखड्याला हे सोयीचं होतं. १९४८ च्या उलथापालथीत अनेकांना गावं सोडावी लागली, ताबे हलले. मी दुवा जोडला आणि पुढे गेलो.

काही महिन्यांनी त्याच गावच्या संरक्षित कुळांच्या रजिस्टरची नक्कल पाहायला मिळाली. ही रजिस्टरं कायद्यानंतर, १९५१ च्या सुमारास तयार झाली. त्यात आजींच्या वडिलांचं नाव, सर्व्हे नंबरासह, स्पष्ट होतं. म्हणजे १९४८ मध्ये वावर गेलेलं नव्हतं. मग १९५४-५५ चं खासरा पहाणी पत्रक पाहिलं. तिथे कसणाऱ्याच्या रकान्यात मालकाचंच नाव, 'खुद्द'. जे काही घडलं ते या दोन कागदांच्या मधे घडलं होतं.

मी पुन्हा आजींकडे गेलो आणि या वेळी साल विचारलंच नाही. शेतात तेव्हा काय होतं, एवढंच विचारलं. "हुरडा होता की. दादा अंगठा देऊन आला त्या दिवशी आम्ही हुरडा भाजत होतो." पोलिस कारवाई भाद्रपदातली, हुरडा पौष-माघातला. सालाची आठवण पुसट होते, मोठ्या घटनेला जाऊन चिकटते. हंगामाची सहसा तशी चिकटत नाही. मग विचारलं, त्याच्या आधी गावात काय मोठं झालं होतं? "मतदान झालं होतं. पेट्याच पेट्या मांडल्या होत्या, बैलजोडीची एक. त्याच्या पुढल्या हुरड्याला." पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि इथलं मतदान १९५२ च्या सुरुवातीचं. १९५७ च्या निवडणुकीतही वेगळ्या पेट्या होत्या, पण तोवर पहाणीत वडिलांचं नाव उरलेलं नव्हतं, म्हणून ती बाद. राहिला १९५२-५३ चा हिवाळा.

तारीख मिळाली, पण तारीख म्हणजे कारण नव्हे. कारण म्हणायला त्या दिवशी कोणी काय केलं आणि का केलं, हे लागतं. आजींच्या सांगण्याप्रमाणे बैल मालकाचे, बी मालकाचं, आणि लग्नासाठी काढलेली उचलही त्यांचीच. मालकाचा निरोप एवढाच होता की कागदावर तुझं नाव लागलंय ते काढ, वावर तूच कर. दादांनी राजीनाम्यावर अंगठा दिला. पुढच्या मृगाला त्याच वावरात ते सालदार म्हणून उतरले. जमीन तीच, नांगर धरणारा हात तोच. गेला तो फक्त हक्क.

हा राजीनामा कायदेशीर होता का? कलम १९ प्रमाणे कुळाने जमीन सोडायची तर ते लेखी हवं, कुळाने तहसीलदारासमोर कबूल केलेलं हवं, आणि ते प्रामाणिकपणे झाल्याची तहसीलदाराची खात्री पटायला हवी. त्या गावच्या गठ्ठ्यात असा आदेश मला मिळाला नाही. इथे थांबावं लागतं, कारण कागद न मिळणं हा कागद नसल्याचा पुरावा नव्हे. वाळवी असते, पाऊस असतो. म्हणून मी त्याच गठ्ठ्यात इतरांच्या राजीनाम्याचे आदेश आहेत का ते पाहिलं. शेजारच्या सर्व्हे नंबरांचे दोन होते, क्रमाने लावलेले. त्यानंतरच 'हा राजीनामा कचेरीत गेला नसावा' असं लिहिलं. 'नसावा' हा शब्द मी अजून काढलेला नाही.

एका घरावरून मराठवाड्याचा निष्कर्ष काढता येत नाही. इथे अ. म. खुस्रो यांचा अभ्यास कामी येतो. हैदराबाद राज्यातल्या जहागीरनिर्मूलनाचे आणि जमीनसुधारणांचे परिणाम त्यांनी गावोगावच्या पाहणीतून तपासले आणि ते १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५१ मध्ये संरक्षित ठरलेल्या दर शंभर कुळांपैकी तीनचार वर्षांत संरक्षित म्हणून उरली सुमारे ४५. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली. २२ बेकायदा काढली गेली आणि १७ जणांनी 'स्वखुशीने' जमीन सोडली. कायदेशीर मार्गाने निघालेली तिनाहूनही कमी.

या आकड्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा शेवटचा आहे. खुद्द कसण्यासाठी जमीन परत घेण्याची वाट कायद्याने मालकाला कलम ४४ मध्ये ठेवलीच होती. कुळं जाण्याचं मुख्य कारण ती पळवाट असती, तर कायदेशीर निष्कासनाचा आकडा फुगलेला दिसला असता. तो तिनाच्याही आत आहे. म्हणजे 'कायदा सैल, म्हणून कुळं गेली' ही साखळी अपुरी ठरते. कुळं गेली ती बहुतांशी कायद्याच्या बाहेरून, आणि त्या बाहेरच्या वाटेवर बैल, बी आणि उचल उभी होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेनेही अशा 'स्वखुशीच्या' राजीनाम्यांपैकी बहुतेकांच्या खरेपणावर शंका घेतली.

मग आमच्या घरातला राजीनामा १९५२-५३ मध्येच का? तीन तारखा शेजारी ठेवल्या की उत्तर दिसू लागतं. रजिस्टर १९५१ च्या सुमाराचं. कुळाकडे मालकी आपोआप जाण्याची तरतूद, कलम ३८-ई, १९५४ च्या दुरुस्तीने आली आणि तीही जिल्हावार अधिसूचना निघेल तेव्हा लागू होणारी. खम्मममध्ये ती १९५५ मध्ये लागली, तेलंगणाच्या बहुतेक भागात थेट १ जानेवारी १९७३ ला. रजिस्टरने मालकाला सांगितलं की धोका कोणत्या नावाकडून आहे. कुळाला मात्र त्या नावाचं बळ मिळायला अजून वर्षं होती. यादी आधी आणि संरक्षण नंतर, या क्रमाने मधे एक मोकळी जागा ठेवली. परिणाम कारणाच्या आधी दिसतो तो असा, कारण माणसं कायद्याच्या तारखेची वाट पाहत नाहीत, तो येणार या अंदाजावर हालचाल करतात.

या साखळीच्या मर्यादा सांगायला हव्यात. खुस्रोंचे आकडे सगळ्या हैदराबाद राज्याचे आहेत, ते जसेच्या तसे औरंगाबाद जिल्ह्याला लावता येत नाहीत. ते रजिस्टरात नाव लागलेल्यांपुरतेच आहेत. सहा वर्षं पुरी होऊ नयेत म्हणून ज्याला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर हलवलं, तो या शंभरात कधी मोजलाच गेला नाही. शिवाय ज्या बाराजणांनी जमीन घेतली, त्यांच्या घरांत याच कायद्याने एक पिढी उभी केली, तेही तितकंच खरं. आणि पहाणीत 'खुद्द' वाढलं म्हणून मालक शेतात उतरले, असा अर्थ काढणं सर्वांत धोक्याचं. आमच्या उदाहरणातला 'खुद्द' म्हणजे अंगठा दिलेले दादाच आहेत.

लेखातलं ते वाक्य मी आता असं लिहिलं आहे: 'या घराची जमीन कूळकायद्यात गेली नाही. कायद्याने नाव लिहिलं आणि त्या नावाला संरक्षण मिळण्याआधीच्या हिवाळ्यात ते काढून घेतलं गेलं.' आजींच्या नातवाला हे वाचून दाखवलं. त्यांच्या घरात इतकी वर्षं एक कुजबुज होती की पणजोबांनी वावर दारूपायी घालवलं. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग त्याने रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.