डायला हात लावण्याआधी

सावेडीत किंवा नागापूर एमआयडीसीत खिडक्या-पार्टिशन बनवणाऱ्या शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनबद्दल एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकतो आहे: ‘माल रेघाळ आला.’ नाशिकच्या अंबडमधला माल असो वा गुजरातेतला, प्रेसवर निरोप जातो आणि तिथे पहिली शिवी बसते डायला. डाय उतरवतात, कॉस्टिकच्या टाकीत घालतात, पॉलिश मारतात, पुन्हा चढवतात. निम्म्या वेळा रेघ तशीच राहते, कारण दोष डायमध्ये नसतोच.

दाबून धातू बाहेर काढण्याची मूळ युक्ती जुनी. जोसेफ ब्रामाने 1797 मध्ये शिशाच्या नळ्यांसाठी पेटंट घेतले. अलेक्झांडर डिकने 1894 च्या सुमारास तापलेल्या पितळेचे सेक्शन काढून दाखवले. प्रेसच्या टनेजच्या गोष्टी इतरांनी पुष्कळ लिहिल्या आहेत, त्या सोडून देतो.

खिडकीचा माल बहुतेक 6063 चा, ज्याला आपल्याकडे जुने लोक अजून एच-ई-नाइन म्हणतात. थोडे मॅग्नेशियम, थोडे सिलिकॉन. बिलेट ओतल्यावर त्याला 560 ते 580 अंशांवर काही तास मुरू द्यावे लागते. या होमोजिनायझिंगमध्ये लोह-सिलिकॉनचे सुईसारखे कण मोडून गोल होतात. इथे वेळ वाचवला, तर त्या सुया पुढे डायच्या तोंडाशी पृष्ठभाग ओरबाडतात. पुरवठादार बदलला आणि माल बिघडला, तर आधी इथे पाहावे.

आता एक्स्ट्रूजन रेशो. कंटेनरचा व्यास 185 मिलिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 26,900 चौरस मिलिमीटर. मीटरला 810 ग्रॅम वजनाच्या ट्रॅकचे क्षेत्रफळ 300. एका भोकाच्या डायने रेशो 90 च्या आसपास जातो. दोन भोकांनी 45. रॅम सेकंदाला 5 मिलिमीटर सरकला, तर पहिल्या डायमधून मिनिटाला 27 मीटर माल धावतो, दुसरीतून प्रत्येक भोकाला साडेतेरा. हा फरक समजला की पुष्कळ भांडणे मिटतात. 6063 ला 45 चा रेशो सोयीचा. 90 ला दाब जास्त लागतो, आणि तेवढ्या वेगाने घर्षणाची उष्णता मालाच्या कातडीत साठते.

एका कारखान्यात ट्रॅकच्या चपट्या बाजूवर बारीक टिपके येत होते. डाय दोनदा घासून झाली, टिपके गेले नाहीत. मी तुकडा उजेडाकडे तिरपा धरला आणि बोट फिरवले. खरी डाय लाइन एकाच जागी राहते, आख्ख्या लांबीभर सलग जाते आणि नख तिच्यात अडकते. इथे प्रत्येक खूण तुटक होती: छोटी रेघ आणि तिच्या टोकाला बारीक गुठळी. हा पिक-अप. बिलेटच्या पुढच्या भागातून निघालेला माल स्वच्छ होता, खुणा मागच्या अर्ध्यात वाढत गेल्या होत्या. म्हणजे कातडी तापत चालली होती. बिलेट 480 वरून 455 अंशांवर आणला, रॅमचा वेग कमी केला. पुढच्या काही बिलेटांतच पृष्ठभाग साफ आला. खाली येण्यालाही मर्यादा असते: डायमधून बाहेर पडताना माल 510 अंशांच्या खाली गेला, तर एजिंगनंतर पुरेशी ताकद मिळत नाही.

फोड असतील तर कंटेनरमध्ये अडकलेली हवा किंवा बिलेटवरचे तेल शोधा. मालाच्या शेवटच्या टोकाला अ‍ॅनोडायझिंगनंतर काळपट पट्टा दिसला, तर बिलेटची साल आत ओढली गेली आहे. बट जाड ठेवा.

डाय करेक्टरचे खरे काम वेगळे आणि मला सर्वांत प्रिय आहे. बेअरिंग लांब ठेवले की धातू हळू वाहतो, आखूड केले की वेगाने. सेक्शन एका अंगाला वळू लागला, तर वळणाच्या बाहेरची बाजू जोरात धावते आहे, असे वाचायचे. मग त्या बाजूला थोडा अडथळा द्यायचा किंवा उलट बाजूचे बेअरिंग कमी करायचे, दरवेळी केसभर, आणि नव्याने ट्रायल. कमी केलेले बेअरिंग परत वाढवता येत नाही, म्हणून चांगला करेक्टर कानस उचलण्याआधी पहिला निघालेला तुकडा निरखून पाहतो.

सिम्युलेशन आले, आता करेक्टर कशाला, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. सिम्युलेशनने पहिली डाय सुधारली, हे मान्य. पण वापरात बेअरिंग झिजते, नायट्रायडिंगचा थर जातो, आणि ते प्रेसवरच्या मालातून ओळखावे लागते. जुने करेक्टर निवृत्त झाले आणि हाताखाली पोरे ठेवायची पद्धत मोडली, हे मला खटकते.

नगरच्या फॅब्रिकेटरांना एकच विनंती: माल परत पाठवताना फक्त ‘रेघ आहे’ असे लिहू नका. बंडलमधील कुठल्या टोकाला, कुठल्या अंगाला, सलग की तुटक, एवढे लिहा आणि हातभर तुकडा सोबत द्या.