हिरव्या खुणेमागची साखळी

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतला एक फाउंड्रीमालक चाकणच्या एका कंपनीला वर्षभर ओतीव सुटे भाग पुरवणार आहे. दर ठरला किलोला 142 रुपये. कंपनीच्या खरेदी विभागाने बारा पानांचा करार पीडीएफ करून ईमेलने पाठवला. सोबत निरोप होता, 'आमची डिजिटल सही झाली आहे, तुमची करून परत पाठवा.' फाउंड्रीमालकाने फाइल अॅडोबी रीडरमध्ये उघडली. शेवटच्या पानावर अधिकाऱ्याचे नाव, तारीख आणि वेळ होती, पण वरच्या पट्टीवर पिवळ्या चिन्हाशेजारी वाक्य दिसले: `At least one signature has problems.`

अशा वेळी शेजारचा कुणीतरी हमखास एक तोडगा सांगतो. सहीवर क्लिक करा, प्रमाणपत्र उघडा, `Add to Trusted Certificates` दाबा, की खूण हिरवी होते. ती खरोखरच हिरवी होते, आणि माझ्या मते संपूर्ण व्यवहारातली सर्वांत धोकादायक जागा हीच आहे. आधारच्या पीडीएफवर किंवा ऑनलाइन सातबाऱ्यावर हाच प्रयोग केलेले लोक जागोजागी भेटतात. या तोडग्यात नेमके काय बिघडते, हे कळायला सही कशी होते ते आधी पाहावे लागेल.

कागदावरची सही कागदाच्या एका कोपऱ्यात असते आणि वरच्या मजकुराशी तिचा नातेसंबंध फक्त जागेचा असतो. पीडीएफमधली डिजिटल सही आख्ख्या फाइलवर होते. सहीचे सॉफ्टवेअर फाइलमधला प्रत्येक बाइट घेऊन त्यातून एक ठरावीक लांबीचा सारांश-आकडा काढते, त्याला हॅश म्हणतात. हल्ली त्यासाठी बहुधा SHA-256 ही पद्धत वापरतात आणि तिचा आकडा 256 बिटांचा असतो, मग करार एक पानी असो वा पाचशे पानी. 142 चे 147 केले, एखादा स्वल्पविराम हलवला, तरी पूर्ण आकडाच बदलतो. या हॅशवर सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने गणिती क्रिया होते आणि तिचे उत्तर फाइलमध्येच राखून ठेवलेल्या एका रिकाम्या जागेत भरले जाते. ती जागा तेवढी हॅशमधून वगळलेली असते. फाइलमधले कुठले बाइट सहीखाली आले याची नोंद `ByteRange` या नावाने तिथेच राहते. वाचणाऱ्याचा संगणक हॅश पुन्हा काढतो आणि सहीतला हॅश सार्वजनिक किल्लीने तपासतो. दोन्ही जुळले तर मजकूर सहीनंतर बदललेला नाही.

इथपर्यंतचे काम निव्वळ गणिताचे आहे आणि त्याला कुणावर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. प्रश्न पुढे येतो. ती सार्वजनिक किल्ली त्या अधिकाऱ्याचीच आहे हे कशावरून? किल्ल्यांची जोडी कोणीही घरबसल्या मिनिटभरात तयार करू शकतो आणि तिच्या प्रमाणपत्रावर हवे ते नाव लिहू शकतो. चाकणच्या कंपनीचे नाव, तिच्या संचालकाचे नाव, एखाद्या सरकारी खात्याचे नावसुद्धा. असे स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र वापरून केलेली सही गणिताच्या कसोटीवर पूर्ण उतरते, कारण मजकूर खरोखरच बदललेला नसतो. म्हणून प्रमाणपत्र कोणी दिले, हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

भारतात याचे उत्तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 देतो. त्या कायद्याखाली प्रमाणन प्राधिकाऱ्यांचा नियंत्रक नेमलेला आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला सीसीए म्हणतात. तो काही संस्थांना परवाना देतो. ई-मुद्रा, सी-डॅक, कॅप्रिकॉर्न ही त्यांतली काही नावे. या संस्था अर्जदाराचे ओळखपत्र, पॅन, मोबाइल आणि व्हिडिओ पडताळून त्याच्या नावाचे प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्रावर संस्थेची सही असते आणि संस्थेच्या प्रमाणपत्रावर सीसीएची. सगळ्यात वर असते सीसीएचे मूळ प्रमाणपत्र, त्याचे नाव `CCA India` आणि पुढे वर्ष, उदाहरणार्थ `CCA India 2022`. सही वैध ठरते ती या साखळीमुळे. साखळी त्या मुळापर्यंत पोहोचली तर कायद्याच्या नजरेत ती डिजिटल सही आहे.

मग पिवळे चिन्ह का दिसले? कारण अॅडोबी रीडर भारतीय कायदा पाहत नाही. तो जगभरच्या मान्य प्रमाणपत्रांची स्वतःची यादी पाहतो. साखळीतले कोणतेच प्रमाणपत्र तुमच्या संगणकावरच्या त्या यादीत नसेल, तर तो सही खोटी म्हणत नाही. सही करणाऱ्याची ओळख आपल्याला माहीत नाही, एवढेच सांगतो. सहीच्या तपशिलात तशी ओळ असते: `The signer's identity is unknown`. मजकूर बदलला असता तर लाल फुलीचे चिन्ह आणि सही `INVALID` असा शेरा आला असता. पिवळे आणि लाल यांतला हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून चांगला करार परत पाठवला जातो आणि वाईट करार कधी स्वीकारला जातो.

शेजाऱ्याचा तोडगा कुठे फसतो ते आता दिसेल. समोर आलेल्या सहीचेच प्रमाणपत्र विश्वासाच्या यादीत टाकणे म्हणजे आरोपीलाच जामीनदार करणे. घरी बनवलेले बनावट प्रमाणपत्रही या मार्गाने हिरवे होते, आणि त्यानंतर त्याच किल्लीने आलेली प्रत्येक फाइल त्या संगणकावर हिरवी दिसत राहते.

फाउंड्रीमालकाने करायचे ते असे. सहीवर क्लिक करून `Signature Properties` आणि मग `Show Signer's Certificate` उघडायचे. डावीकडे साखळी दिसते. सगळ्यात वर `CCA India` आहे का ते पाहायचे. एकच नाव दिसत असेल आणि त्याच्या वर कोणीच नसेल, तर तिथेच थांबून कंपनीला फोन लावायचा. वर सीसीएचे नाव दिसले तरी नुसत्या नावावर भिस्त ठेवायची नाही, कारण नाव कोणीही लिहू शकतो. सीसीएच्या संकेतस्थळावरून, म्हणजे cca.gov.in वरून, मूळ प्रमाणपत्र स्वतः उतरवून घ्यायचे. रीडरच्या `Preferences` मधल्या `Signatures` विभागात `Identities & Trusted Certificates` आहे, तिथे ते आयात करायचे आणि त्याला `Use this certificate as a trusted root` ही खूण लावायची. हे काम त्या मूळ प्रमाणपत्रासाठी एकदाच करावे लागते. मग करार पुन्हा उघडून सही तपासायची. आता जी हिरवी खूण येईल तिला अर्थ आहे. ती आल्यावर प्रमाणपत्रातले नाव आणि संस्थेचे नाव करारातल्या नावांशी ताडून पाहायचे, कारण साखळी खरी असूनही सही भलत्याच माणसाची असू शकते.

आता त्याची स्वतःची सही. त्याच्याकडे तिसऱ्या वर्गाचे प्रमाणपत्र असलेले यूएसबी टोकन आहे, जीएसटी आणि निविदांसाठी घेतलेले. रीडरमध्ये `Fill & Sign` नावाची सोय ठळकपणे दिसते आणि पुष्कळ जण तिकडेच वळतात. पण ती सहीचे चित्र चिकटवते, त्यात किल्ली नसते, प्रमाणपत्र नसते. हवी ती सोय `Use a certificate` मधली `Digitally sign` ही. जुन्या आवृत्तीत `Certificates` नावाखाली. ती निवडून शेवटच्या पानावर आपल्या नावाखाली चौकट आखायची, टोकनमधले प्रमाणपत्र निवडायचे, पिन टाकायचा आणि फाइल जतन करायची. खासगी किल्ली टोकनच्या बाहेर कधीच येत नाही. सहीची क्रिया टोकनच्या आत होते.

पिनच्या खिडकीआधी `Lock document after signing` असा एक चौकोन दिसतो. शेवटची सही करणाऱ्याने तो निवडावा. पहिल्यानेच तो निवडला तर दुसऱ्याला सही करता येत नाही, आणि मग लोक फाइलची 'प्रिंट टू पीडीएफ' करून नवी फाइल काढतात. त्या नव्या फाइलमध्ये पहिल्या सहीचे फक्त चित्र उरते. फाइलचा आकार कमी करणे, दोन पीडीएफ जोडणे, पाने फिरवणे, या सगळ्यांचाही परिणाम बहुधा तसाच होतो.

मग दुसरी सही झाल्यावर पहिली मोडत का नाही? पीडीएफमध्ये नवी भर जुन्या बाइटांना हात न लावता फाइलच्या शेवटी जोडता येते. पहिली सही तिच्या वेळेपर्यंतच्या बाइटांवर टिकते, दुसरी आख्ख्या फाइलवर होते. सोयीची ही युक्ती चोरवाटही ठरली. 2019 मध्ये जर्मनीतल्या रुर विद्यापीठाच्या संशोधकांनी शेवटी भर घालून आणि इतर काही मार्गांनी मजकूर बदलला, तरी सही वैधच दिसते, असे 22 पैकी 21 पीडीएफ वाचकांवर दाखवून दिले. त्यानंतर कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या. म्हणून रीडर अद्ययावत ठेवावा, आणि सह्यांच्या फलकातून `View Signed Version` उघडून समोरच्याने नेमक्या कोणत्या मजकुरावर सही केली ते एकदा पाहावे. दराचे पान तिथे वाचावे.

वेळेचा मुद्दा वाद झाला की पुढे येतो. सहीशेजारची वेळ अनेकदा सही करणाऱ्याच्याच संगणकातली असते; तपशिलात तसे स्पष्ट लिहिलेले असते, `Signing time is from the clock on the signer's computer.` ते घड्याळ कोणीही मागे-पुढे करू शकतो. परवानाधारक संस्थेचा कालशिक्का सहीला जोडला असेल, तर प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी किंवा ते रद्द होण्याआधी सही झाली, हे पुढे अनेक वर्षांनीही दाखवता येते. आधारच्या ओटीपीवर होणाऱ्या ई-साइनमध्ये याला जास्तच महत्त्व आहे. तिथे किल्ली एका सहीपुरती तयार होते, नंतर नष्ट केली जाते, आणि प्रमाणपत्राची मुदत अवघी 30 मिनिटांची असते.

डिजिटल सहीने सगळे भागत नाही. सही कोणाची ते प्रमाणपत्र सांगते. त्या माणसाला कंपनीच्या वतीने करार करण्याचा अधिकार आहे का, ते सांगत नाही. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र मागून घ्यावे लागते. मुद्रांक शुल्क इलेक्ट्रॉनिक करारालाही चुकत नाही. मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेले आहेत, तिथे डिजिटल सही चालत नाही. महाराष्ट्रात घराचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. दोन हिरव्या खुणा नोंदणीची जागा घेत नाहीत.

वाद न्यायालयात गेलाच, तर पुरावा म्हणून लागते ती मूळ फाइल. तिची छापील प्रत सहीचे चित्र दाखवते, सही दाखवत नाही. दोघांच्या सह्या झालेली पीडीएफ आहे तशी, ज्या ईमेलने आली त्या ईमेलसह जपून ठेवावी.

आणि एक कळकळीची विनंती. अनेक लहान उद्योजकांचे टोकन, पिनसकट, कर सल्लागाराच्या खणात पडलेले असते. कायद्याच्या कलम 42 प्रमाणे खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकानेच घ्यायची आहे, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्याचे संस्थेला कळवेपर्यंतची जबाबदारीही त्याचीच. त्या टोकनने कुणी करारावर सही केली तर साखळी अगदी खरी असेल, खूण हिरवी असेल आणि नाव तुमचे असेल. आपले टोकन आज कुठे आहे ते पाहा, परत मागून घ्या आणि पिन बदला.