गेल्या वर्षीचा पहिला नंबर

मागच्या व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आज घेऊ या: "गेल्या वर्षी ज्या फंडाने सगळ्यात जास्त परतावा दिला, त्यातच पैसे टाकले तर काय बिघडलं?"

एका गृहस्थांचं उदाहरण सांगतो. जानेवारी 2018 मध्ये ते आमच्याकडे आले तेव्हा निर्णय घेऊनच आले होते. 2017 मध्ये स्मॉलकॅप 250 निर्देशांक सुमारे 57 टक्के वाढला होता, त्यामुळे यादीत वरचे फंड बहुतेक स्मॉलकॅपचेच होते. त्यांनी 5 लाख रुपये त्यात टाकले. पैसे दीड वर्षाने मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी लागणार होते. 2018 मध्ये तोच निर्देशांक सुमारे 27 टक्के पडला. त्यांचा फंडही तेवढाच पडला असं धरलं, तर 5 लाखांचे 3 लाख 65 हजार झाले. आता ते परत 5 लाख व्हायला 27 नाही, 37 टक्के वाढ लागते. फी काही तेवढं थांबत नाही.

यात फंड मॅनेजर एका वर्षात बिघडला का? नाही. 2017 मध्ये लहान कंपन्यांची पाळी होती, 2018 मध्ये ती संपली. वार्षिक यादीत पहिला येणारा फंड बहुधा त्या वर्षी चाललेल्या कप्प्यातला असतो. कधी आयटी, कधी औषधं, कधी स्मॉलकॅप. आणि त्या कप्प्यातले शेअर वर्षभर धावल्यामुळे आपण पोचतो तेव्हा महाग झालेले असतात. शिवाय शेकडो योजनांमध्ये कोणीतरी पहिला येणारच. त्यात कौशल्य किती आणि नशीब किती, हे एका वर्षावरून कळत नाही.

मग कोणी म्हणेल, "आम्ही एक वर्ष नाही, तीन वर्षांचा परतावा बघतो." इथेही एक गंमत आहे. हिशेबासाठी दोन फंड घेऊ. 'क' फंडाने तीन वर्षांत 8, 10 आणि 45 टक्के दिले. 'ख' ने 16, 15 आणि 17. तीन वर्षांचा सरासरी वार्षिक चक्रवाढ परतावा काढला तर 'क' चा येतो साधारण 19.9 टक्के आणि 'ख' चा 16. यादीत 'क' वर दिसणार. पण तीनपैकी दोन वर्षं 'ख' पुढे होता! शेवटच्या एका वर्षाने आधीची दोन वर्षं झाकून टाकली.

म्हणून आम्ही वेगळ्या क्रमाने जातो.

पहिलं, फंड नाही, तारीख ठरवायची. पैसे कधी लागणार? तीन वर्षांच्या आत लागणार असतील तर शेअरचा फंड नकोच. स्मॉलकॅपसाठी आम्ही किमान सात वर्षं धरतो. 2018 च्या सुरुवातीची पातळी त्या निर्देशांकाने 2021 मध्ये ओलांडली. थांबू शकले ते तरले. त्या गृहस्थांना थांबणं शक्य नव्हतं.

दुसरं, कप्पा ठरल्यावर त्याच कप्प्यातले फंड एकमेकांशी ताडायचे. लार्जकॅपची तुलना स्मॉलकॅपशी करायची नाही. वहीत प्रत्येक कॅलेंडर वर्षाचा परतावा आणि शेजारी लाभांश धरलेल्या निर्देशांकाचा, म्हणजे टीआरआयचा, परतावा लिहायचा. सात-आठ वर्षं पुरेत. मग मोजायचं, किती वर्षं फंड पुढे होता, आणि पडत्या वर्षात निर्देशांकापेक्षा कमी पडला की जास्त. 'ख' सारखे फंड इथे सापडतात.

तिसरं, हे आकडे ज्याने मिळवले तो मॅनेजर अजून आहे का, आणि खर्चाचं प्रमाण किती, ते फॅक्टशीटमध्ये बघायचं. पुढचा परतावा कोणाच्या हातात नाही, पण खर्च दरवर्षी कापला जातो एवढं नक्की. निर्देशांकाला सातत्याने हरवणारा फंड सापडलाच नाही, तर कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

चौथं, फंड का घेतला ते वहीत एका ओळीत लिहायचं आणि वर्षातून एकदाच उघडून बघायचं. मॅनेजर बदलला, फंडाची पद्धत बदलली, किंवा दोन-तीन वर्षं आपल्याच कप्प्यात मागे राहिला, तर विचार करायचा. नुसता पहिला नंबर गेला म्हणून बदलायचं नाही. वर्षाच्या आत बाहेर पडलात तर बऱ्याच शेअर फंडांत 1 टक्का एक्झिट लोड लागतो, आणि नफ्यावर कर वेगळाच.

या पद्धतीने निवडलेला फंडही एखाद्या वर्षी निराश करेल. फरक इतकाच, की त्या वर्षी तो विकावाच लागेल अशी वेळ येणार नाही. घरी गेल्यावर आपल्या एका फंडाची अशी वही मांडा आणि पुढच्या वेळी घेऊन या. तीच घेऊन बसू.