गोल चेहऱ्याला कोणती फ्रेम?

चेहरा गोल असेल तर चौकोनी फ्रेम घ्या, असं चष्म्याच्या दुकानात हमखास सांगतात. त्यात तथ्य आहे. भरल्या गालांवर गोल काच आली की गोलाई आणखी उठून दिसते, कोपरे असलेली फ्रेम चेहऱ्याला रेषा देते. पण माझ्या मते आकाराच्या आधी मापं बघायला हवीत.

समजा, एका बाईंचा चेहरा गोल आणि रुंद आहे, नंबर मायनस चार. त्यांना मोठी चौकोनी फ्रेम आवडली. काडीच्या आतल्या बाजूला ५४, १८, १४० असे आकडे आहेत. काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाचं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज ७२, म्हणजे दोन्ही काचांच्या मध्यांतलं अंतर. बाईंच्या दोन बुबुळांमधलं अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ते आहे ६२. म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून पाच मिलिमीटर नाकाकडे सरकलेला. डोळे जवळ आल्यासारखे वाटतात, बाहेरच्या बाजूला काच रिकामी राहते आणि चेहरा आणखी पसरट दिसतो. त्यातून मायनसची काच कडेला जाड होत जाते, त्यामुळे बाहेरची कड डोळ्यांत भरते.

त्याऐवजी ४८, १८ची चौकोनी फ्रेम घेतली तर बेरीज ६६, फरक डोळ्यामागे फक्त दोन. काच लहान झाली तरी काडी जिथे जोडली जाते ते कोपरे रुंद असले, की फ्रेम कानशिलांपर्यंत पोचते. काड्या बाहेर फाकत असतील तर फ्रेम अरुंद आहे. दुकानात मोकळेपणाने हसूनही पाहावं. गालांनी फ्रेम वर उचलली, तर काचेची उंची जास्त आहे.

रंगाचं काम इथून सुरू होतं. वरची कड गडद आणि खालची फिकी किंवा पारदर्शक असेल तर पाहणाऱ्याची नजर भुवयांकडे जाते, जबड्याची रुंदी मागे पडते. डोळे जवळजवळ असतील तर पूल पारदर्शक घ्यावा. गडद पुलाने ते आणखी जवळ भासतात. गव्हाळ वर्णावर त्वचेच्याच छटेची फ्रेम विरून जाते आणि चेहरा निस्तेज वाटतो. मधासारखा तपकिरी किंवा गडद मरून उठून दिसतो. जाड काळी शेलची फ्रेम दाट भुवयांना पेलते, विरळ भुवयांना झाकून टाकते.

नंबर मोठा असेल तर नव्या फ्रेममधल्या बिननंबरी काचांतून आरशात स्वतःचा चेहरा धूसरच दिसतो. म्हणून दुकानाबाहेर उजेडात समोरून आणि बाजूने फोटो काढून घ्यावेत आणि जुना चष्मा लावून ते पाहावेत. कडेची जाडी मात्र या फोटोत दिसणार नाही. ती किती येईल हे ऑर्डर देण्याआधी चष्मेवाल्याला विचारावं.